एकच बिल, परताव्याचे चार आकडे: खरा कोणता?

*मी ९१ दिवसांचे ट्रेझरी बिल शंभराच्या दर्शनी मूल्यामागे ९८.३० या भावाने घेतले. मुदतीनंतर पूर्ण १०० मिळतील, म्हणजे नफा १.७०. वर्षात अशा चार मुदती बसतात, म्हणून मी वार्षिक परतावा ६.८० टक्के धरला. व्यवहाराच्या कागदावर मात्र ६.९४ छापले आहे, स्प्रेडशीटने ६.८४ दाखवले, आणि माझा धाकटा भाऊ ठामपणे सांगतो की खरा परतावा ७.१२ आहे. त्याच दिवशी ३६४ दिवसांचे बिल ९३.५० ला मिळत होते आणि त्याचा परतावा ६.९७ लिहिला होता. यातला कोणता आकडा खरा मानावा, आणि पुढच्या वेळी कोणते बिल घ्यावे? – एक वाचक*

सप्रेम नमस्कार.

या चार आकड्यांपैकी आपला ६.८० एवढाच चुकीचा आहे. उरलेले तिन्ही आकडे आकडेमोड म्हणून बरोबर आहेत, पण ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि गोंधळ होतो तो तेवढ्यामुळेच. म्हणून आधी आपल्या ६.८० मध्ये काय राहून गेले ते पाहू, कारण बाकीच्या आकड्यांचा उलगडाही तिथूनच होतो.

ट्रेझरी बिलावर व्याज वेगळे मिळत नाही. सरकार शंभराचे वचन देते, आपण त्याहून कमी रक्कम देतो, आणि मधला फरक हीच आपली कमाई असते. या फरकाला जुन्या व्यापारी भाषेत वटाव म्हणत. आपली कमाई १.७० आहे हे अगदी खरे, पण ती कमावण्यासाठी आपण १०० गुंतवले नाहीत, ९८.३० गुंतवले. परतावा नेहमी खिशातून गेलेल्या रकमेवर मोजायचा असतो, म्हणून छेदात ९८.३० हवेत. १.७० ला ९८.३० ने भागले की ९१ दिवसांचा परतावा १.७२९४ टक्के येतो. आपण छेदात नकळत १०० धरले आणि तो १.७० टक्के मानला.

दुसरी गोष्ट मुदतीची. ९१ दिवसांच्या चार मुदती मिळून ३६४ दिवस होतात, ३६५ नव्हे. म्हणून गुणायचे ते ४ ने नाही, तर ३६५ भागिले ९१, म्हणजे ४.०११ ने. हा फरक फार लहान आहे, आणि नुसता तेवढाच सुधारला तर आपला आकडा ६.८० वरून ६.८२ होतो. मुख्य फरक छेदाचा आहे, कारण तो सुधारताच ६.८२ चे ६.९४ होतात. दोन्ही चुका एकाच दिशेने जात असल्यामुळे आपला अंदाज खऱ्यापेक्षा कमी राहिला. हे सगळे एका ओळीत असे लिहिता येईल:

परतावा = (१०० − किंमत) ÷ किंमत × ३६५ ÷ शिल्लक दिवस × १००

स्प्रेडशीटमध्ये हेच करायचे असेल तर पुढील सूत्र भरावे, उत्तर ६.९४ येईल:

```
=(100-98.30)/98.30*365/91*100
```

आता आपल्या स्प्रेडशीटने ६.८४ का दाखवले ते पाहू. माझ्या अंदाजाप्रमाणे आपण तयार सूत्र TBILLYIELD वापरले असावे. हे सूत्र छेद बरोबर घेते, खरेदीची किंमतच धरते, पण वर्ष ३६० दिवसांचे मानते. १.७२९४ ला ३६० भागिले ९१ ने गुणले की ६.८४ येतात. सूत्र बिघडलेले नाही, ते अमेरिकी बाजाराच्या प्रथेवर बेतलेले आहे. आपल्याला ३६५ दिवसांचे वर्ष हवे असेल, तर वरचे साधे सूत्र हाताने लिहिणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण त्यात काय धरले आहे ते डोळ्यांसमोर राहते.

अमेरिकी प्रथेबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण आंतरराष्ट्रीय आकडे वाचताना तिथे हमखास फसगत होते. अमेरिकेत बिलाचा भाव टक्क्यांत सांगताना परंपरेने वटावाचा दर सांगतात. त्यात छेदात दर्शनी मूल्य, म्हणजे १००, असते आणि वर्ष ३६० दिवसांचे असते. आपले बिल तिथे असते, तर त्याचा वटावदर १.७० गुणिले ३६० भागिले ९१, म्हणजे ६.७३ टक्के सांगितला गेला असता. हुंडी वटवणाऱ्या सावकाराच्या दृष्टीने ही रीत स्वाभाविक होती. त्याच्या हातात शंभराचा कागद येई, आणि शंभरातून किती कापायचे एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न असे. बारा महिने तीस-तीस दिवसांचे धरले की तोंडी हिशेबही सोपा होई. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने मात्र तो परतावा नव्हे, तो भाव सांगण्याचा एक प्रकार आहे. म्हणूनच अमेरिकी ट्रेझरी लिलावाच्या निकालात वटावदरासोबत गुंतवणुकीचा दर वेगळा देते, आणि त्यात खरेदीची किंमत व वर्षाचे खरे दिवस धरलेले असतात. भारतात रिझर्व्ह बँक ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या बिलांचे जे लिलाव घेते, त्यांत परतावा थेट खरेदीच्या किमतीवर आणि ३६५ दिवसांच्या वर्षावर काढला जातो. आपल्या कागदावरचे ६.९४ त्याच पद्धतीचे आहेत.

वटावदर आणि खरा परतावा यांतले अंतर सगळीकडे सारखे नसते. ते मुदतीबरोबर आणि दराबरोबर वाढत जाते, कारण किंमत शंभरापासून जितकी दूर जाईल तितका छेदातला फरक मोठा होतो. आपल्या ९१ दिवसांच्या बिलात ६.७३ आणि ६.९४ यांत ०.२१ टक्क्यांचे अंतर आहे. ९३.५० च्या ३६४ दिवसांच्या बिलात वटावदर ६.४३ येतो आणि परतावा ६.९७, म्हणजे अंतर ०.५४ टक्के झाले. त्यामुळे दोन मुदतींच्या बिलांची तुलना वटावदरावर केली, तर लांब मुदतीचे बिल विनाकारण फिके दिसते. एखादा दर कोणत्या पद्धतीचा आहे हे ओळखण्याची सोपी रीत अशी, की त्याच्यासोबत दिलेली किंमत घ्यावी आणि वरच्या सूत्रात घालून पाहावी. आकडा जुळला तर तो परतावा समजावा. सूत्राचे उत्तर छापील दरापेक्षा ठळकपणे जास्त आले, तर समोरचा दर वटावाचा असण्याची शक्यता मोठी आहे.

कागदावरचे ६.९४ बरोबर असले, तरी ते तसेच्या तसे आपल्या हातात पडतील असे मात्र नाही. सूत्रातले ९१ दिवस पैसे प्रत्यक्ष सरकारकडे जमा झाल्यापासून मोजलेले असतात. समजा अर्ज करताना दोन दिवस आधीच रक्कम आपल्या खात्यातून अडकवली गेली, आणि मुदतीनंतर ती एक दिवस उशिरा खात्यात आली. आपले पैसे ९४ दिवस आपल्या हाताबाहेर राहिले आणि कमाई तेवढीच १.७०. परतावा ६.७२ वर येतो. बँकेच्या पासबुकात रक्कम वजा झाल्याची आणि जमा झाल्याची तारीख पाहून हे दिवस स्वतः मोजावेत. सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही दिवस मोजू नयेत, एकच धरावा. त्याचप्रमाणे बाजारातून आधीच निघालेले बिल घेतले असेल, तर त्याच्या मूळ मुदतीचे दिवस धरायचे नसतात, आपण घेतले त्या दिवसापासून उरलेले दिवस धरायचे असतात. ही चूक वाटते त्यापेक्षा फार जास्त वेळा होते.

बिल जितके लहान मुदतीचे, तितका खर्चाचा घाव खोल असतो. शंभरामागे ०.०५ एवढी दलाली आपल्या ९१ दिवसांच्या बिलावर लागली, तर खरेदी ९८.३५ ला पडते आणि परतावा ६.९४ वरून ६.७३ होतो. तीच ०.०५ दलाली १४ दिवस उरलेल्या आणि ९९.७४ ला मिळणाऱ्या बिलावर लावून पाहा. दलालीशिवाय परतावा ६.८० आहे, दलालीनंतर तो ५.४९ वर येतो. वार्षिक आकडा काढताना नफ्याला २६ पेक्षा जास्तीने गुणले जाते, आणि त्याच गुणाकारात खर्चही तेवढाच फुगतो. थोड्या दिवसांच्या बिलाचा वार्षिक परतावा आकर्षक वाटला, तर आधी खर्च किमतीत मिळवून मगच गुणाकार करावा.

आता आपल्या भावाचे ७.१२. त्यांनी सरळव्याजाऐवजी चक्रवाढ धरली आहे. त्यांच्या हिशेबात ९८.३० चे १०० झाले की ते पूर्ण १०० पुन्हा त्याच दराने गुंततात, त्यावरची कमाईही पुन्हा गुंतते, आणि असे वर्षभर चालते. सूत्र असे:

```
=((100/98.30)^(365/91)-1)*100
```

गणितात चूक नाही, पण या आकड्यात दोन गृहीतके दडलेली आहेत. पहिले असे, की पुढच्या तिन्ही वेळी बिल ९८.३० लाच मिळेल. दुसरे असे, की प्रत्येक वेळी मिळालेले सुटे १.७० देखील बिलातच गुंतवता येतील. हे दुसरे गृहीतक लहान गुंतवणूकदाराच्या बाबतीत बहुधा टिकत नाही, कारण बिले ठराविक दर्शनी रकमेच्या पटीतच मिळतात. आपल्याकडे एकच बिल असेल, तर १०० आले की त्यातले ९८.३० पुढच्या बिलात जातात आणि १.७० खात्यात पडून राहतात. अशा चार मुदतींत चार वेळा १.७०, म्हणजे ३६४ दिवसांत ६.८० जमा होतात. ९८.३० वर ६.८० ही कमाई ३६५ दिवसांच्या प्रमाणात मांडली, तर उत्तर येते ६.९४. म्हणजे कागदावरचा सरळव्याजाचा आकडा हा नफा पुन्हा न गुंतवणाऱ्या माणसाचा आकडा आहे, आणि भावाचा ७.१२ हा शेवटचा पैसाही पुन्हा गुंतवणाऱ्याचा. आपण या दोघांच्या मध्ये कुठे आहात, हे आपण किती बिले घेता आणि सुट्या रकमेचे काय करता यावर ठरते. मला स्वतःला एका बिलाचा परतावा सांगताना ६.९४ हाच आकडा प्रामाणिक वाटतो, कारण त्यात भविष्याबद्दल काहीही गृहीत धरलेले नाही. चक्रवाढीचा आकडा लागतो तो वेगवेगळ्या मुदतींची तुलना करताना.

ती तुलना आपल्यासमोर आहेच. ९१ दिवसांच्या बिलाचे ६.९४ आणि ३६४ दिवसांच्या बिलाचे ६.९७ हे दोन्ही सरळव्याजाचे आकडे आहेत, पण पहिला तीन महिन्यांचा नफा वर्षावर ताणून काढलेला आहे, आणि दुसरा जवळपास पूर्ण वर्षाचाच आहे. दोन्ही एका मापात आणण्यासाठी आज हातात ९८.३० आहेत असे समजू आणि ३६४ दिवसांनी काय उरते ते पाहू. चारदा ९१ म्हणजे बरोबर ३६४, त्यामुळे तुलना नेमकी बसते.

लांब मुदतीच्या बिलात ९८.३० चे १०५.१३ होतात, आणि हे आजच ठरलेले आहे. छोट्या बिलांच्या मार्गाने काय होईल ते ठरलेले नाही. भाव चारही वेळा तोच राहिला आणि सगळा नफा पुन्हा गुंतवता आला, तर १०५.२८ होतील. भाव तोच राहिला पण नफा पडून राहिला, तर १०५.१० होतील, म्हणजे लांब बिलापेक्षा किंचित कमीच. आणि पुढच्या तीन खेपांना परतावा ६.५० पर्यंत खाली आला, तर सगळा नफा गुंतवूनही १०४.९४ होतील. एकाच शंभराच्या आसपासच्या रकमेवर हे फरक बारीक दिसतात, पण मोठ्या रकमेवर ते बारीक राहत नाहीत.

यातला निर्णायक आकडा असा काढता येतो. लांब बिलात ९३.५० चे १०० होतात, म्हणजे रक्कम ३६४ दिवसांत १.०६९५ पट होते. त्यातली पहिल्या ९१ दिवसांची १.०१७३ पट वाढ आपण आजच्या छोट्या बिलातून मिळवली, तर उरलेल्या तीन खेपांनी मिळून १.०५१३ पट वाढ करायला हवी. तिचे घनमूळ काढले की प्रत्येक खेपेला १.६८३ टक्के, म्हणजे वार्षिक ६.७५ टक्के येतात. याचा अर्थ, नफा पूर्ण गुंतवता येत असेल आणि पुढचे तीन लिलाव सरासरी ६.७५ च्या वर राहतील असे आपल्याला वाटत असेल, तर छोटी बिले फायद्याची ठरतील. किमतीच्या भाषेत सांगायचे तर छोट्या बिलाची किंमत ९८.३४–९८.३५ च्या वर चढू लागली, की आपण ती वाट सोडून लांब बिल घ्यायला हवे होते असे निघेल. नफा गुंतवता येत नसेल, तर मात्र दर आजच्याइतकेच राहूनही लांब बिल थोडे पुढे राहते. दर वाढले तरच छोटे बिल त्याला गाठते.

लांब बिलाचा हा निश्चितपणा ते शेवटपर्यंत ठेवले तरच खरा असतो, हे मात्र विसरू नये. समजा ९३.५० ला घेतलेले बिल ९१ दिवसांनी पैशांची गरज पडल्यामुळे विकावे लागले. त्याचे २७३ दिवस उरलेले असतील. तोवर बाजारातला परतावा ८ टक्क्यांवर गेला असेल, तर खरेदीदार त्याला ९४.३५ च्या आसपासच किंमत देईल. आपली कमाई ०.८५, आणि वार्षिक परतावा सुमारे ३.६६ टक्के. दर घसरून ६.५० झाले असतील, तर तेच बिल सुमारे ९५.३६ ला विकले जाईल आणि तीन महिन्यांचा वार्षिक परतावा सुमारे ८ टक्क्यांपर्यंत जाईल. सरकार पैसे बुडवत नाही म्हणून भावही हलत नाही असे समजून लांब बिल घेणारे अनेक जण भेटतात, आणि त्यांना मधल्या विक्रीत बसलेला धक्का फार जाणवतो. ९१ दिवसांचे बिल घेणाऱ्याला त्याच तारखेला दर काहीही असले तरी पूर्ण १०० मिळतात.

म्हणून निवड करण्यापूर्वी दोनच गोष्टी ठरवाव्यात. ही रक्कम वर्षभराच्या आत लागण्याची शक्यता असेल, तर ज्या दिवशी ती लागेल त्या दिवसाच्या आधी संपणारे बिल घ्यावे, मग ६.९४ आणि ६.९७ मधल्या फरकाकडे पाहू नये. रक्कम वर्षभर निश्चितपणे मोकळी असेल आणि आपण एक-दोनच बिले घेत असाल, तर सुटा नफा पडून राहणारच आहे, तेव्हा ९३.५० चे लांब बिल घ्यावे. बिले बरीच असतील, प्रत्येक खेपेचा नफा साठून त्यातून आणखी एक बिल घेता येत असेल, आणि पुढच्या तीन खेपा सरासरी ६.७५ च्या खाली येणार नाहीत असा आपला विचारपूर्वक अंदाज असेल, तर ९१ दिवसांची बिले फिरवत राहावीत, आणि प्रत्येक खेपेला भाव ९८.३५ शी ताडून पाहावा.